जाहिरात नामंजूर झाली? अपीलआधी आक्षेप कशावर आहे ते ओळखा

चवथ आटोपली की गोव्यातले त्वचारोगतज्ज्ञ, दंतवैद्य आणि पंचकर्म केंद्रं हंगामाच्या तयारीला लागतात. ऑक्टोबरपासून पर्यटक येतात, आखातातून आणि विलायतेहून माणसं घरी येतात, लग्नसराई सुरू होते. दवाखान्याची गूगलवर जाहिरात टाकली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे लाल अक्षरांत Disapproved दिसतं. कर्ज देणाऱ्या छोट्या वित्त कंपन्यांची आणि गुंतवणूक सल्लागारांचीही हीच तक्रार आहे. त्यातच मार्च 2025 मध्ये सेबीने आपल्याकडे नोंदलेल्या सर्व मध्यस्थांना कळवलं, की गूगल आणि मेटावर जाहिरात करायची तर सेबीच्या पोर्टलवर नोंदवलेल्या ईमेल आणि मोबाइलनेच तिथे नोंदणी करा. शेअर बाजाराच्या नावाखाली समाजमाध्यमांवर चाललेली लुबाडणूक रोखण्यासाठी हे पाऊल होतं. पण कागदपत्रं चोख असलेल्यांच्या जाहिरातीही अडकतात, आणि नेमकं काय चुकलं हे त्यांना कळत नाही.

गोंधळलेला माणूस साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट करतो. जाहिरातीतला एखादा शब्द बदलून ती पुन्हा पाठवतो, किंवा काहीही न बदलता अपिलाचं बटण दाबत राहतो. दोन्हीत दिवस जातात. आक्षेप कशावर आहे हे आधी कळलं, तर बहुतेक प्रकरणं एका फेरीत सुटू शकतात. म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या ओळखीसाठी दिला आहे. अपिलाचं बटण कुठे आहे हे सांगायला त्यानंतर फार वेळ लागत नाही.

तपासलं काय जातं?

आपल्याला वाटतं, जाहिरात म्हणजे त्या तीन-चार ओळी. तपासणारी यंत्रणा तीन गोष्टी बघते. पहिली, जाहिरातीतले शब्द आणि चित्रं. दुसरी, लँडिंग पेज, म्हणजे जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान. तिसरी, जाहिरात देणारा कोण आहे आणि तो व्यवसाय करण्याचा त्याला अधिकार आहे का.

घराच्या दुरुस्तीसाठी पंचायतीत अर्ज केला आणि तो परत आला, असं समजा. आक्षेप नकाशावर असेल तर नकाशा दुरुस्त करायचा. पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव अजून आजोबांचंच असेल, तर नकाशा दहादा नवा काढून उपयोग नाही. जाहिरातीचंही तसंच आहे. ओळखीवरचा आक्षेप शब्द बदलून जात नाही, आणि शब्दावरचा आक्षेप परवाना दाखवून जात नाही.

आरोग्याच्या जाहिराती बहुतेक वेळा पहिल्या दोन ठिकाणी अडकतात, तर पैशांच्या जाहिराती शेवटच्या दोन ठिकाणी. दोन्हींचा एकेक नमुना बघू. दोन्ही उदाहरणं समजावण्यासाठी रचलेली आहेत, पण त्यातल्या अडचणी रोजच्या आहेत.

नमुना पहिला: पणजीतला त्वचेचा दवाखाना

डॉक्टर एमडी आहेत आणि नोंदणी व्यवस्थित आहे. जाहिरातीत लिहिलं आहे: ‘पणजीत बोटॉक्स आणि पीआरपी केस उपचार. खात्रीशीर परिणाम. आजच भेट ठरवा.’ जाहिरात नामंजूर होते.

या एका ओळीत अडचणीचे तीन शब्द आहेत आणि तिघांची कारणं वेगळी आहेत.

‘बोटॉक्स’ हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाचं ब्रँड नाव आहे. अशा औषधांची नावं जाहिरातीत, लँडिंग पेजवर किंवा कीवर्डमध्ये वापरायला गूगल फक्त अमेरिका, कॅनडा आणि न्यूझीलंड या देशांतल्या प्रेक्षकांसाठी परवानगी देतं. कीवर्ड म्हणजे लोक शोधताना टाइप करतील असे, आपण निवडलेले शब्द. जाहिरात कोणत्या देशात दिसणार आहे यावरून हा नियम लागतो. त्यामुळे विलायतेतल्या पर्यटकांसाठी किंवा भारतातल्या लोकांसाठी ती लावली असेल, तर हा शब्द अडतो. डॉक्टर किती शिकलेले आहेत, याचा इथे संबंध येत नाही.

‘पीआरपी’, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढून टोचणं. गूगल हे स्टेम सेल उपचारांबरोबर प्रायोगिक उपचारांच्या धोरणाखाली घेतं. हे धोरण 2019 मध्ये आलं. हा उपचार दवाखान्यांत सर्रास होतो, म्हणून डॉक्टरांना हे कारण पटत नाही. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. पण अपील वाचणारा उपचाराच्या गुणदोषावर निकाल देत नाही. शब्द धोरणाच्या यादीत बसतो की नाही, एवढंच तो बघतो.

‘खात्रीशीर परिणाम’ हा दावा आहे. आरोग्याच्या बाबतीत हमी, ठरावीक दिवसांत बरं करण्याचं वचन किंवा अमुक किलो वजन उतरवण्याचं आश्वासन हे दिशाभूल करणाऱ्या दाव्यांत मोडतं. तीन शब्दांपैकी एवढा एकच डॉक्टरांनी धोरण नसतं तरीही काढायला हवा होता, असं मला वाटतं.

आता दुरुस्ती. जाहिरात अशी होते: ‘पणजीतला त्वचा आणि केसांचा दवाखाना. सुरकुत्या, वांग, केसगळतीवर तज्ज्ञांचा सल्ला. भेटीची वेळ ठरवा.’ औषधाचं किंवा तंत्राचं नाव नाही, हमी नाही. तक्रार कोणती आणि सल्ला कोण देतं, हे मात्र ठेवलं आहे.

ती पाठवली आणि पुन्हा नामंजूर झाली. बहुतेकांची हिंमत इथेच जाते. कारण उरलं आहे लँडिंग पेजवर. जाहिरात दवाखान्याच्या मुखपृष्ठावर नेते. तिथे वरच्या मेनूत ‘बोटॉक्स’ हा दुवा आहे, तळाशी सेवांच्या यादीत पीआरपी आहे, आणि एका फोटोमागे दडलेल्या वर्णनात इंग्रजीतून तेच नाव लिहिलं आहे. फोटोमागचं वर्णन डोळ्यांना दिसत नाही, पण पान वाचणाऱ्या यंत्राला दिसतं.

हे शोधायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. संगणकावर ते पान उघडा, Ctrl+U दाबा म्हणजे पानाचा मूळ मजकूर उघडेल, मग Ctrl+F दाबून शब्द शोधा. इंग्रजी आणि देवनागरी अशी दोन्ही रूपं शोधा. वेबसाइट सांभाळणारा माणूस असेल तर त्याच्याकडून हा आदेश चालवून घ्या. गूगलचा जाहिरात तपासनीस आपली ओळख देऊन पान मागतो, त्याच ओळखीने पान मागवल्यावर काय येतं ते यात दिसतं:

```
curl -sL -A "AdsBot-Google (+http://www.google.com/adsbot.html)" https://example.com/ | grep -i -n -E "botox|prp|बोटॉक्स|पीआरपी"
```

`https://example.com/` च्या जागी आपल्या पानाचा पत्ता घाला. काहीच छापलं गेलं नाही तर घाई करू नका. सुरक्षेसाठी लावलेली व्यवस्था तपासनीसाला पानच उघडू देत नसेल, तरीही उत्तर रिकामंच येतं. तेव्हा शेवटचा `grep` चा भाग काढून आदेश पुन्हा चालवा आणि पूर्ण पान येतं का ते बघा. पान मागाहून स्क्रिप्टने भरत असेल तर या आदेशात सगळा मजकूर दिसणार नाही. अशा वेळी ब्राउझरमध्येच, पान पूर्ण उघडल्यावर, शोध घ्यावा लागतो.

सगळी वेबसाइट बदलायची गरज सहसा नसते. जाहिरातीसाठी वेगळं पान करा: मेनूत मोजकेच दुवे, डॉक्टरांचं नाव आणि पात्रता, दवाखान्याचा पत्ता, वेळ, फोन. त्यावर ते शब्द ठेवू नका. मात्र हे पान तपासनीसाला एक आणि रुग्णाला दुसरं, असं दाखवू नका. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण त्या चुकीत पूर्ण खातं जातं.

अपील कधी आणि कोणत्या कारणाने

जाहिरातीचा मजकूर तुम्ही स्वतः बदलला, तर ती नव्याने आपोआप तपासणीला जाते. वेगळं अपील लागत नाही. बहुतेक जाहिराती कामाच्या एका दिवसात तपासून होतात.

मजकूर तोच ठेवून फक्त लँडिंग पेज दुरुस्त केलं, तर यंत्रणेला ते आपोआप लगेच कळेलच असं नाही. तेव्हा अपील करायचं. जाहिरातींच्या यादीत स्थितीच्या रकान्यावर बाण नेला की धोरणाचं नाव आणि Appeal हा दुवा दिसतो. तिथे कारण विचारलं जातं, आणि पर्याय दोन आहेत. Made changes to comply with policy म्हणजे मी दुरुस्ती केली आहे, पुन्हा बघा. Dispute decision म्हणजे मी काही चुकवलं नव्हतं, निर्णय तुमचा चुकला आहे.

घाईत लोक दुसरा पर्याय निवडतात, कारण मनातली भावना तीच असते. पानावर शब्द असताना दुसरा पर्याय निवडला, तर तपासणारा पान उघडतो, शब्द दिसतो आणि अपील फेटाळलं जातं. दुसरा पर्याय खरोखरच्या चुकीसाठी ठेवा. समजा मडगावातला कापडवाला पडद्यांची जाहिरात देतो, आणि त्यातला एखादा शब्द औषधाच्या नावासारखा दिसल्यामुळे ती अडकते. तिथे वाद घालणं योग्य आहे, कारण बदलण्यासारखं काहीच नाही.

पुढे विचारलं जातं, की अपील याच जाहिरातीसाठी आहे, मोहिमेसाठी की पूर्ण खात्यासाठी. आधी एकाच जाहिरातीचं करा. ती पास झाली की दुरुस्ती बरोबर होती हे कळतं, मग बाकीच्यांचं करा. पन्नास जाहिरातींचं अपील एकदम केलं आणि दुरुस्ती अपुरी निघाली, तर पन्नास नकार एकदम येतात.

लांबलचक पत्र लिहायला इथे सहसा जागा नसते. त्यामुळे ‘आम्ही वीस वर्षं सेवेत आहोत’ हे सांगण्याची जागा अपील ही नाही. पान हाच तुमचा पुरावा असतो. अपिलाचं पुढे काय झालं ते Policy manager या भागात बघता येतं.

‘मर्यादित’ दिसलं म्हणजे नकार नव्हे

आरोग्याच्या जाहिरातीपुढे कधी Eligible आणि त्याला जोडून Limited असा शेरा येतो. याला नामंजुरी समजून लोक अपिलावर अपील करतात. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की आजाराशी संबंधित जाहिरात माणसाच्या मागे-मागे नेता येणार नाही. वेबसाइट बघून गेलेल्या माणसाला तीच जाहिरात पुन्हा-पुन्हा दाखवणं आरोग्याच्या बाबतीत बंद आहे. एखाद्याने मूळव्याधीचं पान उघडलं आणि नंतर आठवडाभर घरातल्या सगळ्यांसमोर त्याच्या फोनवर मूळव्याधीच्याच जाहिराती आल्या, तर त्याचं काय होईल? हा नियम मला पूर्ण पटतो.

शेऱ्यावर बाण नेऊन कारण वाचा. ते हेच असेल तर अपील करू नका. कीवर्ड आणि ठिकाण, म्हणजे म्हापशात ‘मूळव्याध डॉक्टर’ शोधणारा, यावर जाहिरात चालू शकते.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर अडचण वेगळी

मेटाचं एक धोरण मराठीत जाहिरात लिहिणाऱ्यांना फार नडतं. जाहिरात वाचणाऱ्याला अमुक आजार आहे किंवा त्याची पैशाची अवस्था अशी आहे, असं सूचित करायला तिथे मनाई आहे. आपली जाहिरातीची भाषा मात्र थेट माणसाला हाक मारणारी असते: ‘तुम्हाला मधुमेह आहे?’, ‘टक्कल पडतंय?’, ‘कर्जात बुडालात?’ अशा ओळी अडतात.

उपाय सोपा आहे. वाक्य वाचणाऱ्याकडून काढून सेवेकडे न्या. ‘मधुमेहींसाठी आहारसल्ला, फोंड्यात दर शनिवारी’ यात वाचणाऱ्याला मधुमेह आहे असं कुणी म्हटलेलं नाही. ‘कर्जफेडीचं नियोजन कसं करावं’ हेही चालण्यासारखं आहे. वजन घटवण्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी-शेजारी लावणं टाळा. त्यावर रुग्णाची लेखी संमती असली तरी आक्षेप संमतीवर नसतो.

तिथलं अपील Business Support Home या भागात असतं. नाकारलेली जाहिरात निवडली की Request review असा पर्याय येतो. गूगलसारखंच इथेही मजकूर बदलला तर जाहिरात नव्याने तपासणीला जाते, आणि मूळ जाहिरात बरोबर होती असं खात्रीने वाटत असेल तेव्हाच पुनर्विचार मागावा.

नमुना दुसरा: मडगावातली कर्ज देणारी कंपनी

आता पैशांकडे येऊ. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली एक छोटी वित्त कंपनी आहे. ती वैयक्तिक कर्ज देते. जाहिरातीत लिहिलं आहे: ‘50,000 रुपयांपर्यंत कर्ज, व्याज फक्त 24 टक्के.’ नामंजूर.

कंपनीने ‘फक्त’ काढलं. नामंजूर. ‘कर्ज’च्या जागी ‘आर्थिक मदत’ केलं. नामंजूर. शब्दांशी झगडण्यात दोन आठवडे गेले, आणि मुळात आक्षेप शब्दांवर नव्हता.

इथे दोन गोष्टी राहिल्या होत्या. पहिली म्हणजे ओळख. भारतातल्या लोकांना वित्तीय सेवांच्या जाहिराती दाखवायच्या असतील, तर गूगलची वित्तीय सेवा पडताळणी पूर्ण करावी लागते. आपल्यावर कोणत्या नियामकाची देखरेख आहे, नोंदणी क्रमांक काय आहे, हे त्यात सिद्ध करायचं असतं. रिझर्व्ह बँक, सेबी आणि विमा नियामक हे आपल्याकडचे मुख्य नियामक. ही पडताळणी जाहिरातदाराच्या साध्या ओळख-पडताळणीपेक्षा वेगळी आहे. कित्येकांनी पॅन कार्ड दाखवून पहिली पूर्ण केलेली असते आणि त्यांना वाटतं, काम झालं.

पडताळणी अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावांचा मेळ न बसणं. रिझर्व्ह बँकेच्या यादीत कंपनीचं पूर्ण नाव ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट आहे. जाहिरात खातं मालकाच्या मुलाच्या नावावर आहे. पैसे भरणारं कार्ड तिसऱ्याचं आहे. वेबसाइटवर फक्त ब्रँडचं नाव आहे आणि कंपनीचं नाव कुठेच नाही. कागद खरे असूनही हे चारही एकाच संस्थेचे आहेत, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. अर्ज करण्याआधी वेबसाइटच्या तळाशी एक ओळ घाला: अमुक ब्रँड हा अमुक कंपनीचा आहे, नोंदणी क्रमांक हा, नोंदणीकृत कार्यालय हे. खात्याचं आणि पैसे भरण्याच्या प्रोफाइलचं नाव नोंदणीशी अक्षरशः जुळवा. सेबीने मध्यस्थांना नोंदवलेलाच ईमेल आणि मोबाइल वापरायला सांगितलं, त्यामागे हाच विचार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पान. वैयक्तिक कर्जाच्या पानावर गूगलला तीन गोष्टी स्पष्ट दिसायला हव्या असतात: फेडीची किमान आणि कमाल मुदत, कमाल वार्षिक खर्चाचा दर, आणि एक हिशोब करून दाखवलेलं उदाहरण. शिवाय संपूर्ण रक्कम 60 दिवसांत परत मागणाऱ्या वैयक्तिक कर्जाची जाहिरातच चालत नाही.

वार्षिक खर्चाचा दर, ज्याला बँका एपीआर म्हणतात, म्हणजे व्याजासोबत शुल्क धरून कर्ज वर्षाला खरोखर किती टक्क्यांना पडतं तो आकडा. इथेच आमच्या नमुन्यातली कंपनी अडखळली. हिशोब करून बघू.

कर्ज 50,000 रुपये, व्याज वर्षाला 24 टक्के, म्हणजे घटत्या शिलकीवर महिन्याला 2 टक्के, हप्ते 12. दरमहा हप्ता सुमारे 4,728 रुपये येतो. बारा हप्त्यांचे 56,736 रुपये झाले. आता कंपनी 1,000 रुपये प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेते. म्हणजे कर्जदाराच्या हातात 49,000 पडतात आणि तो हप्ते मात्र 50,000 वरचे भरतो. हातात पडलेल्या रकमेवर हिशोब केला तर दर सुमारे 28 टक्के येतो.

पानावर ‘24 टक्के’ एवढंच लिहिणं म्हणजे कर्जदारापासून चार टक्के लपवणं आहे, मग तो हेतू असो वा नसो. पानावर असं लिहिता येईल: ‘मुदत 12 ते 24 महिने. कमाल वार्षिक खर्चाचा दर 28 टक्के. उदाहरणार्थ, 50,000 रुपयांच्या कर्जावर 12 हप्ते, प्रत्येकी सुमारे 4,728 रुपये, 1,000 रुपये शुल्क धरून एकूण खर्च 7,736 रुपये.’ अर्थात कमी मुदतीला किंवा छोट्या रकमेला तेच शुल्क लावलं तर दर आणखी चढतो. म्हणून कमाल दर लिहिताना सर्वांत महाग पडणाऱ्या कर्जाचा हिशोब करा. रिझर्व्ह बँकही डिजिटल कर्जात हा दर कर्जदाराला आधीच सांगायला लावते, तेव्हा हे काम तसंही चुकणारं नाही.

क्रम लक्षात घ्या: आधी पडताळणी, मग पान, मग अपील. पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय केलेलं प्रत्येक अपील फुकट जातं.

‘पण शेजारच्याची तीच जाहिरात चालते!’

हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि तो खरा असतो. पहिली चाळणी यंत्र करतं आणि ते सगळ्यांना एकाच दिवशी पकडत नाही. शेजाऱ्याची जाहिरात आज चालते आणि महिन्याने पकडली जाते. त्याचं लँडिंग पेज किंवा निवडलेला देश वेगळा असू शकतो. अपिलात त्याचा दाखला देऊन तुमचं प्रकरण सुटत नाही, कारण तपासणारा तुमचंच पान बघतो.

‘शब्द थोडा फिरवून लिहिला तर?’

‘बोटॉक्स’मधल्या एका अक्षराच्या जागी शून्य घालणं, मध्ये टिंब टाकणं, शब्द चित्रात लपवणं असे सल्ले हमखास मिळतात. यातला एकही घेऊ नका. साध्या चुकीला गूगल नामंजुरी देतं, पण यंत्रणेला चकवण्याचा प्रयत्न वेगळ्या आणि फार गंभीर धोरणाखाली येतो. त्यात पूर्वसूचना न देता पूर्ण खातं बंद होऊ शकतं. तपासनीसाला एक पान आणि ग्राहकाला दुसरं दाखवणंही त्यातच येतं. एक खातं बंद झाल्यावर बायकोच्या किंवा भावाच्या नावाने दुसरं काढणं हासुद्धा चकवाच धरला जातो, आणि तेही बंद होतं. तेव्हा बंद झालेल्या खात्याचंच अपील लढवायचं. तिथे मात्र अर्जात लिहायला जागा असते. व्यवसाय काय आहे, पैसे कोण भरतो, काय चुकलं आणि काय दुरुस्त केलं, हे थोडक्यात आणि खरं लिहा.

काही ठरावीक धोरणांसाठी गूगलची पायऱ्यांची पद्धत आहे. आधी ताकीद, मग पहिल्या ठपक्याला तीन दिवस जाहिराती थांबतात, दुसऱ्याला सात दिवस, आणि तिसऱ्याला खातं बंद. प्रत्येक ठपका 90 दिवसांनी उतरतो. साधी नामंजुरी म्हणजे ठपका नव्हे. पण ताकीद आली असेल, तर नवी जाहिरात टाकण्याआधी जुन्या, थांबवून ठेवलेल्या जाहिरातींमधले शब्दही साफ करा.

‘गूगलने मंजूर केली म्हणजे कायद्यातही बसली ना?’

नाही. कंपनीचं धोरण आणि देशाचा कायदा या वेगळ्या गोष्टी आहेत. 1954 चा औषधे आणि जादूचे उपाय कायदा आजही लागू आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह, लठ्ठपणा, मोतीबिंदू अशा आजारांची यादी आहे, आणि औषधाने ते बरे होतात अशी जाहिरात करायला मनाई आहे. पंचकर्म केंद्रांनी हे विशेष बघावं, कारण ‘मधुमेह मुळापासून बरा’ ही ओळ यंत्राच्या नजरेतून सुटली तरी कायद्यातून सुटत नाही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना वैद्यकीय परिषदेचे 2002 चे आचारनियम रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करू देत नाहीत. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, सेवा पुन्हा सुरू केली, अशा सूचना देता येतात. वर दुरुस्त केलेल्या पणजीच्या जाहिरातीतली ‘तज्ज्ञांचा सल्ला’ ही ओळ गूगलमध्ये बसते, पण ती या नियमांत कितपत बसते हे डॉक्टरांनी आपल्या परिषदेकडून जाणून घ्यावं.

दुसऱ्यांदाही फेटाळलं तर

तिसरं अपील लगेच करू नका. गूगलच्या मदत कक्षाला चॅटवर किंवा फोनवर गाठा आणि एकच नेमका प्रश्न विचारा: आक्षेप जाहिरातीवर आहे की पानावर, आणि पानावर असेल तर कोणत्या पत्त्यावर? ते शब्द सांगतीलच असं नाही, पण पत्ता कळला तरी अर्धं काम होतं. कधी उत्तरातून कळतं, की जाहिरात आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा वेगळ्याच पानावर पोचते आहे. फोनसाठी वेगळं पान असतं किंवा मध्ये एखादा जुना दुवा वळवलेला असतो.

आणि उपचारच यादीत असेल, जसा पीआरपी, तर तो जाहिरातीतून आणि जाहिरातीच्या पानावरून काढा. पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीत नाही म्हणून दवाखान्यात तो बंद होत नाही. रुग्ण केसगळतीसाठी येतो, डॉक्टर तपासतात आणि योग्य असेल तर उपचार सुचवतात. ऑक्टोबरच्या हंगामासाठी जाहिरात हवी असेल, तर दवाखान्याने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकच जाहिरात तपासणीला टाकावी. कर्ज किंवा सल्ला देणाऱ्यांनी पडताळणीचे कागद त्याच्याही आधी, पावसातच जुळवायला घ्यावेत.